हळद आणि मिरचीचे दोन ढीग

बाबांनी रंगवलेली हळद बेसनासारखी दिसली, त्या दिवसापासून आमच्या घराची घडी विस्कटली. त्याआधी सगळं सुरळीत होतं असं नाही. मी जानेफळचं सासर सोडून माहेरी आले होते. नवऱ्यानं दुसरी केली होती आणि मला ठेवून घ्यायला त्या घरात कुणी तयार नव्हतं. आई माझ्या लग्नाआधीच गेली होती. शेगावात स्टेशनाकडून मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका बोळात आमचं दोन खोल्यांचं घर. पुढे ओटा. तिथं बाबा पाट्या रंगवायचे, आणि मी त्यांचे रंग घोटून द्यायची.

बाबांना सगळे पेंटरभाऊ म्हणत. गावातल्या निम्म्याअधिक दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. कचेरीच्या दारावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' ही अक्षरंही त्यांचीच. अक्षर तर ते सुरेख काढतच, पण त्यांचा खरा मान होता रंगाचा. बाजारात लुगडं घेताना बायका कापड त्यांच्यासमोर धरून विचारायच्या, हा रंग टिकेल का, का पहिल्या धुण्यात जाईल. ते कापड उन्हात धरून पाहायचे आणि सांगायचे. त्यांनी सांगितलं की विषय संपला, इतका त्यांच्या शब्दाला मान होता.

मसाल्याचे व्यापारी चाचा हे बाबांचे जुने स्नेही. बाजारात त्यांचं दुकान होतं. मिरची ते वरवट बकाल गावाकडची घेत, हळद निजामाच्या हद्दीतून येई. उन्हाळा लागला की त्यांच्या मागच्या अंगणात बायका मिरच्या कांडायला बसत आणि अख्खा बोळ शिंकत असे. त्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं होतं की सुटा माल विकणं पुरे, आता कागदी पुड्या करायच्या, त्यांवर आपली छाप मारायची, आणि आगगाडीनं येणाऱ्या यात्रेकरूंनी ती छाप मागून मसाला गावोगावी न्यायचा. मुंबईला गेले असताना त्यांनी एका चहावाल्याचा मोठा कापडी बॅनर रस्त्यावर टांगलेला पाहिला होता. तसाच त्यांना दुकानासमोर हवा होता. एका बाजूला हळदीचा ढीग, दुसऱ्या बाजूला लाल मिरचीचा, मध्ये छापेचं नाव. रामनवमीच्या गर्दीआधी तो लागला पाहिजे, एवढी त्यांची अट.

आणखी एक गोष्ट त्यांनी बाबांना सांगितली, ती मला चांगली आठवते. ते म्हणाले, "भाऊ, दूध-लोण्यासारखं चमकदार चित्र मले नाही पाहिजे. पाहणाऱ्याले वाटलं पाहिजे का हात घातला तर बोटाले पूड लागंल."

बाबांना ते फार आवडलं. दोन-तीन दिवस ते त्याच तंद्रीत होते.

मांजरपाटाचं दुहेरी कापड आम्ही लाकडी चौकटीवर ताणून बसवलं. सरस उकळून त्याचं चिकट पाणी दिलं, मग खडूची पूड सरसात कालवून त्याचे हात दिले आणि वाळल्यावर ते घासून गुळगुळीत केलं. अळशीच्या तेलात रंग घोटला की त्याला चकाकी येते, आणि चकाकी आली की पूड ओली दिसते. म्हणून बाबा घोटलेला रंग जुन्या वर्तमानपत्रावर पसरून ठेवायला सांगत. कागद तेल पिऊन घेई. उरलेला घट्ट रंग टर्पेंटाइननं सैल करून लावला की तो वाळल्यावर खडूसारखा कोरडा दिसे. ही त्यांची जुनी युक्ती.

चाचांनी दोन पितळी पराती पाठवल्या. एकीत हळदपूड, दुसरीत कांडलेली मिरची. बाबांनी स्वतःच्या हातानं त्यांचे ढीग रचले. मिरची भरड असते, तिचा ढीग चढा उभा राहतो. हळद पिठासारखी बारीक, तिचा ढीग बसका होतो, कडेनं हलकेच घसरतो, आणि दाबला तर त्याला बारीक भेगा पडतात. वाऱ्यानं उडू नये म्हणून काम नसेल तेव्हा आम्ही त्यांवर मलमलीचं फडकं टाकत असू.

मिरची त्यांनी आधी काढली. खाली गेरूत थोडं काजळ घालून गडद थर दिला. तो वाळल्यावर अर्धवट कोरड्या, ताठ कुंचल्यानं लालभडक हिंगूळ असा टेकवत गेले की खालचा गडद रंग जागोजागी उघडा राहिला. तोच मिरचीचा कण झाला. शेवटी फिकट पिवळ्या रंगाचे बारके ठिपके, म्हणजे कांडताना फुटलेलं बी. काम झाल्यावर मी लांब जाऊन पाहिलं तर नाकात खाज आली. खरी परात शेजारीच होती, तेव्हा ती तिच्यामुळेही आली असेल. पण ती मिरची अस्सल होती.

मग हळद. मी डब्यातला विलायती पिवळा घोटून दिला, शेजारी थोडा पांढरा ठेवला. बाबा परातीकडे पाहायचे, डोळ्यांवर हात आडवा धरायचे, पुन्हा पाहायचे, आणि त्यांचा कुंचला पांढऱ्यात जायचा. काही महिन्यांपासून उन्हात त्यांचे डोळे दिपत होते. कंदिलाभोवती कडं दिसतं असंही ते म्हणाले होते. मी त्यांना म्हटलं, "बाबा, पांढरा जास्त होऊन राह्यला." ते म्हणाले, तू घोट, लावायचं मी पाहतो. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्यांना खरंच तसं दिसत होतं.

चाचा काम पाहायला आले. ओट्यासमोर उभं राहून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मिरचीला हात लावता लावता थांबले, रंग ओला असेल म्हणून. मग हळदीकडे वळले. ढीग फिकट होता. कुठे पिवळसर, कुठे सरळ पांढरा, जसं चाळणीखाली पडलेलं पीठ. त्यांनी फार हळू सांगितलं की भाऊ, मिरची अशी झाली की शिंक यावी, पण हळदीचं मात्र बेसन झालं.

बाबांनी परातीकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. "मी समोर हाय तेच काढलं," ते म्हणाले.

चाचा सवडीनं पाहू म्हणून निघून गेले. बाबा तसेच बसून राहिले. संध्याकाळपर्यंत त्यांनी कुंचला हातात घेतला नाही.

दुसरा दिवस बाजाराचा. बाबांनी हळदीची परात डोक्यावर घेतली आणि दुकानाकडे निघाले. मी मागोमाग गेले. दुकानासमोर गर्दी होती, पुड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि खेड्यांतून आलेल्या बाया त्या हातात घेऊन वास पाहत होत्या. बाबांनी परात फळीवर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जशी हळद दिली तशीच मी काढली. ही हळद चोख नाही. यात पीठ हाय."

चाचांनी शेजारचं पोतं उघडलं, आत कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून दाखवला. त्यांचा हात गर्द पिवळा झाला होता. मला तो दिसत होता. सगळ्यांना दिसत होता. पण हळदीत थोडं पीठ असलं तरी हात पिवळाच होणार, आणि बाजारातली माणसं तेच मनात म्हणत असावीत. शब्द पेंटरभाऊंचा होता. एका बाईनं हातातली पुडी खाली ठेवली. मग दुसरीनं ठेवली.

मी बाबांचा हात धरून म्हटलं, बाबा, हळद पिवळी आहे. ते ऐकत नव्हते. चाचा गल्ल्यावरून उठून खाली आले. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पेंटरभाऊ, घरी चला. सावलीत बसून बोलू." बाबांनी खांदा सोडवून घेतला आणि एकटेच चालू लागले. वाटेत एका उभ्या बैलगाडीच्या धुरीला ते धडकले.

घरी आल्यावर त्यांनी पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर त्यांनी मला जुनी पाटी आणायला सांगितली, मुलं शाळेत नेतात तसली काळी. म्हणाले, एका बाजूला हळदीची चिमूट ठेव, दुसऱ्या बाजूला बेसनाची. कुठे काय आहे ते सांगू नकोस आणि वास येईल इतकी जवळ आणू नकोस. मी पाटी घेऊन अंगणाच्या मध्यावर उभी राहिले.

त्यांनी डोळे बारीक केले. हाताची सावली केली. मग बेसनाकडे बोट दाखवून म्हणाले, ही हळद.

मी चिमटी बदलल्या. ते पुन्हा चुकले. मी पाटी तशीच धरून उभी होते. शेवटी तेच म्हणाले, "राहू दे बाई. दोन्ही एकच दिसते मले."

मी पाटी खाली ठेवली. बाबांनी मला विचारलं की चाचांच्या हाताला हळद लागलेली दिसली का. मी हो म्हटलं. गर्द होती का. हो. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी बाबांना रडताना आधी पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ते रडत होते का हे मला सांगता येणार नाही. ते नुसते तसे बसले होते.

पुढच्या बाजारच्या दिवशी ते पुन्हा दुकानासमोर गेले. बरोबर मीही होते. त्याच जागी उभं राहून त्यांनी सांगितलं की माझ्या डोळ्यांत मोती उतरला आहे, मला पिवळं आणि पांढरं वेगळं दिसत नाही, हळद चोख आहे, चूक माझी. ज्यानं आयुष्यभर रंगावर पोट भरलं, त्याला हे भर बाजारात बोलणं किती जड गेलं असेल. पण ऐकणारी माणसं एकमेकांकडे पाहत होती. परतताना आमच्या मागून चालणारी एक बाई दुसरीला सांगत होती की चाचानं पेंटरभाऊले समजावलं असंल, नाहीतर माणूस असा आठ दिवसांत पलटतो का. ते बाबांनीही ऐकलं. पहिल्यांदा बोललेला खोटा शब्द लोकांनी खरा धरला होता, आणि आता खरा बोलला तो खोटा ठरला.

मला वाटलं होतं, चाचा बॅनरचं काम काढून घेतील. ते घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले की काम पुरं करा. बाबा म्हणाले, कोण करणार? चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीचे डोळे हाय ना," ते म्हणाले. "आणि तुमचा हात हाय. दोघं मिळून एक पेंटर होते."

ते आठ-दहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते असं मी म्हटलं तर कुणाला पटणार नाही. आम्ही आधीचा फिका ढीग खरवडून काढला. बाबा चौकटीशेजारी बसले. चाचांनी परत पाठवलेली परात मांडीवर घेऊन ते हळद बोटांत धरत, सोडत, कडेनं घसरू देत, आणि मला सांगत. हळदीत सावली काळ्यानं करू नकोस, पिवळ्यात काळा पडला की हिरवट होतो आणि हळदीला बुरशी लागल्यासारखी दिसते. सावलीत गेरू घाल, ती तांबूस होऊ दे. उजेडाकडे पांढरा लावू नकोस, पिवळाच थोडा कोवळा कर. कणाचा ठिपका देऊ नकोस, हळदीला कण नसतो. कडा कुठेही रेघेनं ओढू नकोस, पूड जिथं संपते तिथं ती विरळ होत जाते, तशी कापडी बोळ्यानं पुसत जा. आणि ढिगाच्या अंगावर दोन-चार भेगा, बस, तेवढ्यानं ती कोरडी होते.

मी लावायची आणि काय दिसतं ते सांगायची. ते विचारायचे, सावलीतला रंग पिकल्या संत्र्यासारखा आहे का वाळल्या सालीसारखा? मी म्हणायची सालीसारखा. मग ते सांगायचे की थोडा पिवळा वाढव. रंग वाळला की ते बोटाच्या पेरानं कापड चाचपायचे. एका जागी तेल जास्त राहिलं होतं, तिथं त्यांचं बोट थांबलं. "इथं चकाकते का?" त्यांनी विचारलं. मी वाकून उजेडाच्या बाजूनं पाहिलं. चकाकत होतं. ती जागा मी पुन्हा केली.

ढीग पुरा झाला तेव्हा मी मागे सरले आणि खरी परात चित्राच्या खाली नेऊन ठेवली. तिथं दोन ढीग होते, एवढंच मला म्हणता येईल. कापडावरचा कोणता आणि परातीतला कोणता हे अर्थात कळत होतं, पण रंगावरून नव्हे. मी तसं बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मधली अक्षरं त्यांनी स्वतः काढली, खडूच्या जाड रेघा मी आखून दिल्या आणि काळा रंग त्यांनी भरला. काळा त्यांना अजून दिसत होता.

रामनवमीच्या आधी बॅनर लागला. दोन बांबू रोवून दुकानासमोर ताणला होता. स्टेशनाकडून येणारी माणसं थांबून वर पाहत होती. एका यात्रेकरूनं आपल्या बायकोला म्हटलं, पाहा, हात लावला तर पिवळा होईल. चाचांनी मला पेढा दिला. बाबा बॅनरखाली उभे राहून मान वर करून पाहत होते. मी विचारलं नाही, तेच म्हणाले की मिरची लाल दिसते, तिच्या बाजूला उजेड दिसतो.

पण गावची माणसं वेगळंच बोलत होती. पेंटरनं चित्रात चोख हळद काढून दाखवली, म्हणजे चोख कशी असते ते पाहून घ्या आणि मग पुडी उघडा, असं कुणीतरी म्हणालं आणि ते पसरलं. बायका दुकानात पुडी उघडून रस्त्यावर यायच्या, वर धरून चित्राशी ताडून पाहायच्या. बॅनर उन्हात असायचा आणि पुडी त्यांच्या पदराच्या सावलीत. सावलीतली हळद उन्हातल्या रंगापेक्षा मळकीच दिसणार. त्या मान हलवून पुडी परत करायच्या. चाचांनी एक-दोघींना समजावून सांगितलं, नंतर सोडून दिलं. आम्ही जितकं खरं काढलं तितकं ते त्यांच्यावर उलटलं. बाहेरगावचे यात्रेकरू पुड्या नेत, पण यात्रा संपली की त्यांचं येणं कमी होई, आणि गाव तर रोजचं.

बाबांच्या कानावर हे सगळं येत होतं. ते जेवायचे कमी झाले. कुणी पाटी रंगवायला आणली तर आता होत नाही म्हणून परत पाठवत. मी म्हणायची, आपण दोघं करू. ते म्हणायचे, हाव, करू, आणि करायचे नाहीत. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन करतात असं चाचांनी सांगितलं, बरोबर येतो असंही म्हणाले. पावसाळा सरल्यावर जायचं ठरलं.

त्याआधीच बाजारात डोळ्यांतला मोती सुईनं काढणारा एक माणूस आला. मी नदीवर धुणं धुवायला गेले होते. परतले तेव्हा तो आमच्या ओट्यावर बाबांसमोर उकिडवा बसला होता आणि चार माणसं जमली होती. मी ओरडले, पण सुई डोळ्यात गेलेली होती. ओढावं तर डोळाच फाटायचा. बाबांनी ओट्याची कड घट्ट धरली होती.

त्या माणसानं सुई काढली आणि बोटं समोर धरून विचारलं, किती? बाबांनी बरोबर सांगितलं. जमलेले लोक वाहवा करू लागले. बाबांनी मान वर केली. "आकाश निळं हाय," ते म्हणाले. मग मला जवळ बोलावलं. तुझ्या कडा धूसर दिसतात, म्हणाले, पण रंग दिसतात. त्यांनी माझा हात धरून डोळ्यासमोर आणला. सकाळी मी भाजीला हळद घातली होती, धुणं धुऊनही नखांच्या कडांना तिचा डाग राहिला होता.

"पिवळं," ते म्हणाले. "बाई, पिवळं दिसते."

ते हसत होते. इतक्या दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं, आणि मीसुद्धा हसले. मला तेव्हा खरंच वाटलं की माझं ओरडणं चुकलं. त्या माणसानं डोळ्यावर कसला तरी लेप लावला, पट्टी बांधली आणि सांगितलं की उघडू नका, दुसरा डोळा पुढच्या खेपेला करू.

तिसऱ्या दिवशी बाबांना ताप भरला. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं, म्हणाले. पट्टी पिवळट पाण्यानं भिजत होती. मी ती सोडली तर आत डोळा लाल सुजलेला आणि बुबुळ पांढरं. चाचांनी बैलगाडी जुंपली, स्टेशनावर नेऊन गाडीत बसवलं आणि आम्ही अकोल्याला गेलो. डॉक्टरनं पाहिलं आणि सांगितलं की हा डोळा काढावा लागेल, नाहीतर दुसराही जाईल. त्यानं आम्हाला रागावून विचारलं की इथं दवाखाना असताना सुईवाल्याकडे का गेलात. बाबा म्हणाले, साहेब, मले लवकर पाहायचं होतं.

डोळा काढला. पण उशीर झाला होता. काही आठवड्यांनी दुसरा डोळाही लाल झाला, उजेड सोसेना झाला, आणि मग त्याच्यातला उजेडही गेला. डॉक्टर म्हणाला, असं होतं कधी कधी, एका डोळ्याचं दुखणं दुसऱ्यानं घेतलं.

चाचांनी पुढच्या उन्हाळ्यात पुड्या बंद केल्या. अंगणात मिरची कांडणाऱ्या बायकांना त्यांनी सांगून टाकलं की यंदा काम नाही. पूर्वीसारखा अख्खा माल विकायला लागले, हळकुंड आणि सबंध मिरची, म्हणजे कुणाला शंका घ्यायला जागा नको. ते आम्हाला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. ईदला शिरखुर्मा घेऊन यायचे, बाबांजवळ बसायचे, आणि दोघंही फारसं बोलायचे नाहीत. मला वाटायचं, ते बोलले असते, एकदा तरी रागावले असते, तर बाबांना बरं वाटलं असतं.

मी पाट्यांचं काम मागायला दुकानोदुकानी गेले. बॅनर मी रंगवला हे सगळ्यांना ठाऊक होतं, चाचाच सांगत फिरले होते. लोक म्हणत, हात चांगला आहे. पण बाईमाणूस शिडीवर चढून पाटी रंगवणार, रस्त्यावर, तेही नवऱ्यानं टाकलेली, हे कुणाला पटत नव्हतं. एकानं मला विचारलं की वडील खाली उभे राहतील का, नावाला. आंधळा माणूस खाली नावाला उभा करायचा, आणि वर मी. मी घरी येऊन बाबांना ते सांगितलं नाही. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला तेव्हा मी जिनिंगच्या कारखान्यात लागले. दिवसभर कापसातला कचरा वेचायचा. नजर चांगली लागते, त्यामुळे मुकादमानं लगेच घेतलं.

संध्याकाळी घरी आले की बाबा ओट्यावर बसलेले असत. माझ्या केसांतले कापसाचे पुंजके बोटांनी शोधून काढत. सुरुवातीला मी त्यांना सगळं सांगायची. आज आभाळ कसं होतं, बाजारात कुणाचं नवं लुगडं काय रंगाचं होतं, जवारीवर पिवळेपणा कसा चढला. त्यांना आवडेल असं मला वाटे. ते ऐकत आणि हाव, हाव म्हणत.

एका संध्याकाळी मी पळस फुलल्याचं सांगत होते. रंग नीट सांगता यावा म्हणून शब्द शोधत होते, हिंगुळापेक्षा थोडा केशरी, असं काहीतरी. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "आता मले रंग सांगत जाऊ नको."

मी थांबले. त्यानंतर ते सहा-सात वर्षं जगले. त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरात कशालाही लाल म्हटलं गेलं नाही, पिवळं म्हटलं गेलं नाही. मी तव्यावरची भाकरी पाहून झाली म्हणायची, आणि ताट त्यांच्यासमोर ठेवून, भाजी उजव्या हाताला आहे, एवढं सांगायची.